दहापैकी सहा देणाऱ्या टीचर आणि मामाचं काजूचं दुकान

म्हापशाच्या बाजारात माझ्या मामाचं काजूचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलेलं. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्या मामेभावाने गल्ल्याशेजारी एक लहानसं कार्ड उभं केलं. त्यावर क्यूआर कोड आणि खाली एकच प्रश्न होता: "आमचं दुकान तुम्ही मित्राला किंवा नातेवाइकाला सुचवाल याची शक्यता ० ते १० मध्ये किती?" नाताळापासून जानेवारीअखेरपर्यंत दोनशे उत्तरं जमली. त्यांचा स्कोअर निघाला ४५. त्याने कुठेतरी वाचलं होतं की शून्याच्या वर म्हणजे बरं आणि पन्नासच्या आसपास म्हणजे उत्तम. घरात पेढे आले.

ऑगस्टमध्ये, चतुर्थीच्या खरेदीच्या दिवसांत, त्याने तेच कार्ड पुन्हा ठेवलं. पुन्हा दोनशे उत्तरं आली. या वेळी स्कोअर १०.

मामाने रात्री मला फोन केला. "अगं, सात महिन्यांत लोकांचा एवढा जीव उडाला आमच्यावरून?"

ग्राहकांचं मन मोजणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून फोन मला आला. पुढचं सगळं त्या फोनमधून सुरू झालं. आकडे मी हिशोबाला सोपे पडावेत म्हणून थोडे घोटून घेतले आहेत, गोष्ट तीच आहे.

आधी हा स्कोअर काय असतो ते सांगते. नेट प्रमोटर स्कोअर, बोलताना एनपीएस. बेन अँड कंपनी या सल्लागार कंपनीतले फ्रेड राइकहेल्ड यांनी डिसेंबर २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये तो मांडला. त्यांचं म्हणणं असं की लांबलचक प्रश्नावल्यांची गरज नाही, 'तुम्ही आम्हाला सुचवाल का' एवढं एकच विचारा. ९ किंवा १० देणारे प्रमोटर, म्हणजे आपली वाखाणणी करत फिरणारे. ७ आणि ८ वाले पॅसिव्ह, म्हणजे ना इकडचे ना तिकडचे. ० ते ६ देणारे सगळे डिट्रॅक्टर, म्हणजे नाखूश, आपल्याबद्दल वाईट बोलू शकणारे. प्रमोटरांच्या टक्क्यांतून डिट्रॅक्टरांचे टक्के वजा करायचे की झाला स्कोअर. तो उणे १०० पासून अधिक १०० पर्यंत कुठेही असू शकतो. ७-८ वाले वजाबाकीत येत नाहीत, फक्त एकूण संख्येत मोजले जातात.

मामाच्या पहिल्या दोनशे उत्तरांत १२० प्रमोटर, ५० पॅसिव्ह आणि ३० डिट्रॅक्टर होते. म्हणजे ६० टक्के वजा १५ टक्के, बरोबर ४५. गणितात चूक नव्हती.

मी मामेभावाला एकच विचारलं, "यातले पर्यटक किती आणि गावचे किती?" त्याने तसं विचारलंच नव्हतं. पण उत्तर देताना लोकांनी मोबाइल नंबराऐवजी पिनकोड टाकला होता, त्यावरून वेगळे काढता आले. डिसेंबर-जानेवारीतल्या दोनशेपैकी १४० पर्यटक होते. त्यांच्यात १०५ प्रमोटर आणि फक्त ७ डिट्रॅक्टर. म्हणजे पर्यटकांचा स्कोअर ७०. उरलेले ६० जण गोव्यातले. त्यांच्यात १५ प्रमोटर आणि २३ डिट्रॅक्टर. स्थानिकांचा स्कोअर उणे १३.

ऑगस्टमध्ये पावसामुळे पर्यटक मोजके, आणि चतुर्थीमुळे गावची गर्दी. दोनशेपैकी ४० पर्यटक, १६० स्थानिक. पर्यटकांत ३० प्रमोटर, २ डिट्रॅक्टर, स्कोअर पुन्हा ७०. स्थानिकांत ४४ प्रमोटर, ५२ डिट्रॅक्टर, स्कोअर उणे ५. दोन्ही मिळून दहा.

म्हणजे पर्यटकांचं मत तसूभरही हललं नव्हतं. स्थानिकांचा आकडा तर उलट जरा वर आला होता. तरीही एकूण स्कोअर ४५ वरून १० वर आला, कारण दुकानात उभं राहणारं माणूस बदललं होतं. कोणाचाही जीव उडाला नव्हता. नाताळातली गर्दी आणि चतुर्थीची गर्दी एकाच तराजूत टाकून आम्ही त्यांची तुलना करत होतो. गोव्यासारख्या जागी, जिथे वर्षातून दोनदा गिऱ्हाईकच बदलतं, तिथे एकत्रित स्कोअर हा बहुतेकदा मोसमाचा आकडा असतो. कुठल्याही दुकानाने, हॉटेलाने किंवा होमस्टेने एनपीएस काढायचा तर आधी वेगळे काढायचे ते हे गट, आणि तुलना करायची ती एका गटाची त्याच गटाशी.

मामाला हे ऐकून बरं वाटलं. "म्हणजे आमचे लोक उणे तेरावरून उणे पाचवर आले. सुधारणा झाली तर." मला त्याचं तेही समाधान काढून घ्यावं लागलं.

साठ जणांच्या उत्तरांवर काढलेला स्कोअर किती डगमगतो याचा हिशोब करता येतो. प्रमोटर आणि डिट्रॅक्टर यांचे हिस्से मिळवायचे: ०.२५ अधिक ०.३८, म्हणजे ०.६३. त्यातून स्कोअरचा वर्ग वजा करायचा, इथे ०.१३ गुणिले ०.१३, साधारण ०.०२. उरले ०.६१. त्याला साठने भागून वर्गमूळ काढलं की ०.१० येतं, आणि त्याची दुप्पट म्हणजे ०.२०, स्कोअरच्या भाषेत वीस गुण. म्हणून 'उणे १३' याचा खरा अर्थ 'उणे ३३ ते अधिक ७ यांच्या मध्ये कुठेतरी' असा होतो. ऑगस्टच्या १६० जणांसाठी हीच चूक बारा गुणांची येते. उणे १३ आणि उणे ५ यांत फरक आहे असं म्हणायला आपल्याकडे काहीच आधार नाही. एनपीएस हा मधल्यांना वगळून दोन टोकांची वजाबाकी करतो, त्यामुळे तो साध्या सरासरीपेक्षा जास्त हेलकावे खातो. लहान दुकानाला महिन्याला पन्नास-साठ उत्तरं मिळत असतील तर आठ-दहा गुणांच्या चढउताराकडे पाहून हसू नये आणि रडूही नये. शिवाय हा वीस गुणांचा हिशोब उत्तरं देणारे चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे आले असं धरून केलेला आहे. गल्ल्यावरचं कार्ड भरणारे तसे नसतात. ज्याला वेळ आहे, ज्याला काही सांगायचं आहे, ज्याचा फोन हातात आहे, तो भरतो.

आता खरा प्रश्न. स्थानिकांचा स्कोअर शून्याखाली का? दुकान चाळीस वर्षं ज्यांच्या जिवावर चाललं, तेच नाखूश?

या ठिकाणी माझ्या मनात एक बाई आहेत. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, सगळा बाजार त्यांना टीचरच म्हणतो. मामाच्या उधारीच्या वहीत त्यांचं पान माझ्या लहानपणापासून आहे. कार्ड त्यांनी मामेभावाच्या मदतीने भरलं, म्हणून त्यांचा आकडा आम्हाला ठाऊक होता. सहा. हिशोबात त्या डिट्रॅक्टर.

चतुर्थीनंतर त्या दुकानात आल्या तेव्हा मी तिथेच होते. मी विचारलं, "टीचर, आम्हाला सहाच दिलेत?"

"सहाच म्हणजे?" त्यांना खरंच कळलं नाही. "सहा वाईट कुठे? आमच्या वेळी साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. दहापैकी दहा मी वर्गात कधी कोणाला दिले नाहीत."

"आणि शिफारस?"

"शिफारस मी कोणाला करू, बाय? माझ्या ओळखीत ज्याला हे दुकान ठाऊक नाही असा कोण आहे?"

या दोन वाक्यांत एनपीएसच्या दोन मोठ्या मर्यादा आहेत. एक म्हणजे आकड्याचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. ९ पासून प्रमोटर आणि ६ पर्यंत डिट्रॅक्टर ही रेषा ज्यांनी आखली त्यांच्या आसपासचे लोक खूश असले की ९-१० देत असावेत. आपल्याकडे पस्तीसला पास आणि साठला फर्स्ट क्लास या मापावर वाढलेल्या पिढीसाठी सहा म्हणजे नाखुशी नव्हे. हल्लीची मुलं ॲपवर पाच तारे देऊन मोठी झाली आहेत, तीच मुलं समाधानी असली की सरळ दहा दाबतात. त्यामुळे साठीतल्या गिऱ्हाइकाचा स्कोअर आणि पंचविशीतल्याचा स्कोअर शेजारी ठेवला की प्रेमातला फरक दिसतो की मार्क देण्याच्या सवयीतला, हे स्कोअरवरून सांगता येत नाही.

दुसरी मर्यादा प्रश्नातच आहे. 'सुचवाल का' हा प्रश्न जिथे सुचवायला जागा आहे तिथे चालतो. दिल्लीहून आलेल्या माणसाला परत गेल्यावर ऑफिसात सांगण्यासारखं काहीतरी असतं. टीचरांच्या वर्तुळात सांगायचं शिल्लकच नव्हतं. रोजच्या मिठाबद्दल, गॅसच्या सिलिंडरबद्दल, घरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांबद्दल कोणी कोणाला फारशी शिफारस करत नाही, आणि न करण्याचा अर्थ नावड असा होत नाही.

पर्यटकाच्या दहाचंही तसंच. तो खोटं बोलत नव्हता. सुट्टी, समुद्र, हातावर ठेवलेला सालीसकट भाजलेला गरम काजू, आणि समोर कार्ड. त्या क्षणी दहाच सुचतं. पण तो दहा 'मी सांगेन' असं म्हणतो, 'मी सांगितलं' असं म्हणत नाही. शिवाय काजू चांगला आहे हे त्याला कितपत कळतं हाही प्रश्न आहे. आमच्या धंद्यात सोललेल्या पांढऱ्या काजूची प्रत एका पौंडात किती दाणे बसतात यावर ठरते. १८० नंबरचा मोठा, ३२० नंबरचा लहान, मग पाकळी, मग तुकडा. टीचर डोळ्यांनी २४० आणि ३२० वेगळा ओळखतात. बहुतेक पर्यटकांना तो फरक माहीत नसतो. ज्याला फरक कळतो तो सहा देतो आणि ज्याला कळत नाही तो दहा देतो, असं दुकानात घडत असेल तर स्कोअर वाढवण्याच्या नादात मालाची प्रत घसरली तरी आकडा कुरकुर करणार नाही. मला ही गोष्ट सगळ्यात धोक्याची वाटते.

मामाचा मात्र दुसऱ्याच गोष्टीवर विश्वास होता. "स्कोअर ठेव बाजूला. लोक परत येतात ना? मग आणखी काय हवं?" आणि त्याने वही काढली.

परत येणं, म्हणजे पुनर्खरेदी, हा बोलण्यापेक्षा भक्कम पुरावा आहे यात शंका नाही. इथे माणसाने खिशात हात घातलेला असतो. पण तो मोजताना पहिली चूक होते ती मुदतीची. मामेभावाच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'गेल्या महिन्यात आलेल्यांपैकी या महिन्यात किती परत आले' असा आकडा निघत होता, तो होता तीस टक्के. मामाने वहीतली गेल्या चतुर्थीला घेऊन गेलेली शंभर घरं मोजली, तर त्यांतली ब्याऐंशी या चतुर्थीलाही आली होती. तीस आणि ब्याऐंशी, दुकान एकच. गोव्यातलं घर काजू घेतं ते चतुर्थीला, दिवाळीला, नाताळाला, लग्नकार्याला. महिन्याच्या फूटपट्टीने मोजलं तर टीचर वर्षातून आठ महिने 'सोडून गेलेल्या' दिसतात. आधी त्या वस्तूची खरेदी किती दिवसांनी होते ते पाहायचं आणि मग तेवढी मुदत धरायची. पावाला दोन दिवस, तांदळाला महिना, काजूला सण.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. दिवाडी बेटावरचा माणूस रोज फेरीबोटीने येतो आणि जातो. बेटाला पूल नाही. पुनर्खरेदीच्या हिशोबाने फेरीबोटीइतकं निष्ठावान गिऱ्हाईक गोव्यात कोणाला नसेल, पण त्या येण्यातून आपल्याला एवढंच कळतं की पूल नाही. काहींना त्या दहा मिनिटांच्या वाऱ्याचा खरोखर लळा असेल, काहींना तो उशीर असेल. वही दोघांना एकाच ओळीत लिहिते.

जॉर्ज डे या अभ्यासकाने १९६९ मध्येच हे सांगून ठेवलं आहे. नुसती पुन्हा पुन्हा खरेदी दिसली म्हणून तिला निष्ठा म्हणू नका, त्यात सवयीची, सोयीची, नाइलाजाची खोटी निष्ठाही असते. पुढे १९९४ मध्ये ॲलन डिक आणि कुणाल बसू यांनी त्याची चार घरं पाडली. ओढ आहे आणि खरेदीही आहे, ती खरी निष्ठा. खरेदी आहे पण ओढ नाही, ती खोटी निष्ठा. ओढ आहे पण खरेदी नाही, ती दडलेली निष्ठा. आणि चौथ्या घरात दोन्ही नाही. ओढ म्हणताना त्यांनी एक बारकावा ठेवला: ती तुलनेतली ओढ असावी. मला हे दुकान आवडतं एवढं पुरत नाही, समोरच्यापेक्षा आवडतं का, हे पाहायचं.

दडलेली निष्ठा गोव्यात ज्याने पाहायची आहे त्याने आखातात राहणाऱ्या गोंयकाराशी पावाबद्दल बोलावं. माझा एक चुलतभाऊ कुवेतला आहे. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा, टोपलीतला गरम उंडो, पोई, कांकणं, यांवर तो तासभर बोलू शकतो. वर्षाचे अकरा महिने त्याची खरेदी शून्य. इथे आमच्या वाड्यावर मात्र पोदेर रोज येतो, आम्ही रोज पाव घेतो, आणि त्याबद्दल कोणीच काही बोलत नाही. आमची खरेदी रोजची, पण ती पावाच्या प्रेमाने की तो दाराशी येतो म्हणून, हे मलाही सांगता येणार नाही. पोदेर चार दिवस आला नाही तरच कळेल.

मामाच्या ब्याऐंशी घरांचंही असंच होतं. दुकान बसस्टँडच्या वाटेवर आहे. उधारी चालते. मिठाईसाठी लागणारी पाकळी आणि तुकडा सुटा मिळतो, जो पर्यटकांच्या चकचकीत दुकानांत बहुतेक ठेवत नाहीत. ही सगळी परत येण्याची उत्तम कारणं आहेत आणि त्यांतलं एकही प्रेम नाही. उद्या समोर कोणी उधारी सुरू केली, पाकळी ठेवली, तर यांतले किती जातील? वही याचं उत्तर देत नाही, कारण वहीत तसा दिवस अजून आलेलाच नाही.

आणखी एक गोष्ट मोठ्या कंपन्यांचे आकडे वाचताना उपयोगी पडते, म्हणून थोडक्यात. मोठ्या ब्रँडला गिऱ्हाइकं जास्त असतात आणि ती थोडी जास्त वेळा परतही येतात, लहान ब्रँडला दोन्ही कमी. याला डबल जेपर्डी म्हणतात. अँड्र्यू एरनबर्ग यांनी हे अनेक प्रकारच्या मालात पुन्हा पुन्हा दाखवलं. म्हणजे मोठ्या ब्रँडची पुनर्खरेदी जास्त दिसली तर त्यातला बराच भाग निव्वळ आकारातून येतो. लहान दुकानाने आपल्या परतीची टक्केवारी मोठ्या नावाशी ताडून खंतावू नये.

मग ब्रँडवरचं प्रेम म्हणजे नक्की काय? हा शब्द आमच्या क्षेत्रात सैलपणे वापरला जातो, पण त्याचा नीट अभ्यास झाला आहे. राजीव बत्रा, ॲरन अहुविया आणि रिचर्ड बगोझी यांनी २०१२ मध्ये लोक ज्या वस्तूंवर प्रेम करतात असं म्हणतात त्यांच्याविषयी सविस्तर बोलून त्यातले धागे वेगळे केले. ती वस्तू 'मी कोण आहे' याचा भाग वाटते. तिच्याकडे मन ओढ घेतं. ती दीर्घकाळ सोबत असेल असं वाटतं. ती नाहीशी झाली तर हुरहूर लागेल असं वाटतं. आवड ठाम असते, डळमळीत नसते. असे सात धागे त्यांनी मांडले. 'सुचवाल का' हा प्रश्न यांतल्या एकाही धाग्याला सरळ हात घालत नाही, आणि वहीतली नोंदही घालत नाही. प्रेम असेल तर शिफारस आणि परतणं वाढतं, हे खरं. पण उलट दिशेने, शिफारस आणि परतणं दिसलं म्हणून प्रेम आहे, असं म्हणता येत नाही. ताप आला की अंग गरम लागतं, पण उन्हातून आलेल्याचं अंगही गरमच लागतं.

एनपीएसवरून धंद्याची वाढ इतर मापांपेक्षा चांगली ओळखता येते, हा मूळ दावाही पुढे तपासला गेला. टिमोथी किनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नॉर्वेतल्या कंपन्यांची माहिती घेऊन तो पारखला, तेव्हा साध्या समाधानाच्या मापापेक्षा एनपीएस सरस असल्याचं त्यांना आढळलं नाही.

मामेभावाने मधल्या काळात आणखी एक केलं, आणि ते इतक्या ठिकाणी होतं की सांगायलाच हवं. काउंटरवरच्या दोन पोरांना त्याने सांगितलं की स्कोअर ६० च्या वर गेला तर बोनस. दोन महिन्यांत स्कोअर ७८. विक्री होती तिथेच. पोरं प्रामाणिक आहेत, त्यांनी काही खोटं भरलं नाही. हसत बोलणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ती कार्ड सरकवत आणि "दहा द्या हां" म्हणत, घाईतल्या किंवा कुरकुरणाऱ्या माणसाला काही दाखवत नसत. हे बाहेरून ओळखायचं कसं? बिलांच्या संख्येला उत्तरांच्या संख्येने ताडून पाहा, आधी दहा बिलांमागे दोन उत्तरं येत होती, आता एक येत होतं. आणि ७-८ देणारे जवळपास नाहीसे झाले होते. खऱ्या माणसांच्या गर्दीत मधले आकडे असे एकदम आटत नाहीत. बोनस बंद केला आणि स्कोअर खाली आला. राइकहेल्ड यांनी स्वतः २०२१ मध्ये लिहिलं की त्यांच्या मापाचा असा गैरवापर फार झाला, आणि त्याला जोड म्हणून त्यांनी हिशोबाच्या वहीतून काढायचं माप सुचवलं: वाढीपैकी किती भाग जुन्या गिऱ्हाइकांच्या परतण्यातून आणि त्यांनी पाठवलेल्या नव्यांमुळे आला ते पाहा.

आम्ही तेच आपल्या परीने केलं. कार्ड ठेवलं, पण वहीत एक नवा रकाना आखला. नवीन माणूस आला की मामा बिल करताना विचारायचा, "आमच्याकडे कोणी पाठवलं?" आणि सांगितलेलं नाव लिहायचा. दिवाळीपर्यंत पन्नास नवी स्थानिक घरं आली. अठरा जणांनी कोणाचं तरी नाव घेतलं. टीचरांचं नाव चार वेळा आलं. बाजूच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या एक बाई, सुनेच्या ऑफिसातल्या दोघी, आणि बदली होऊन आलेले एक बँकेतले साहेब.

मी टीचरांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना काजू कुठे मिळेल ते सांगितलं, एवढंच." त्यांच्या लेखी ती शिफारस नव्हती, शेजारधर्म होता. ज्या बाईंना हिशोबाने आम्ही डिट्रॅक्टर ठरवलं होतं, त्यांनी एका मोसमात चार गिऱ्हाइकं पाठवली होती. आणि कार्डवर दहा देऊन गेलेल्या पर्यटकांपैकी कोणाचं नाव घेत त्या रकान्यात एकही माणूस आला नाही. यावरून पर्यटक कोणाला सांगत नाहीत असं मात्र ठरत नाही, त्यांनी पुण्यात किंवा दिल्लीत सांगितलेलं म्हापशाच्या वहीत उमटायला वर्षं जातील.

मग मे महिन्यात दुकान तीन आठवडे बंद ठेवावं लागलं, छप्पर उतरवायचं होतं. मामाला नुकसान दिसत होतं, मला मात्र पूल नसलेल्या बेटाला तीन आठवड्यांसाठी पूल मिळाल्यासारखं वाटलं. एरवी त्या काळात ज्या चाळीस घरांची खरेदी होते, त्यांची यादी आम्ही वहीतून काढली आणि उघडल्यावर प्रत्येकाला सहज विचारलं. सव्वीस घरांनी दुसरीकडून घेतलं होतं, त्यांतली बहुतेक पुढे परत आली. चौदा घरांनी एक तर खरेदी लांबवली होती किंवा फोन करून "घरून द्या" म्हटलं होतं. सव्वीस जणांना आमच्याबद्दल काही वाटत नाही असं मी म्हणणार नाही. घरात लग्न असेल तर कोणी छपरासाठी थांबत नाही. पण चौदांबद्दल काहीतरी नक्की सांगता येतं. पर्याय समोर होता, गैरसोय होती, आणि तरी ते थांबले. स्कोअर आणि वही दोन्ही जे दाखवू शकत नव्हते ते इथे थोडंसं दिसलं. त्या चौदांनी कार्डवर काय आकडा दिला होता ते जुळवता आलं असतं तर फार बरं झालं असतं, पण कार्डवर नाव नव्हतं.

राहिले ते अठरा. शंभरातली ब्याऐंशी घरं परत आली होती ना, त्यांतून उरलेली अठरा. कार्ड त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही, कारण जे दुकानात येत नाहीत ते गल्ल्यावरचं कार्ड कसं भरणार? गल्ल्यावर घेतलेल्या एनपीएसमध्ये सोडून गेलेला माणूस नसतोच. मी मामाला म्हटलं, या अठरांना फोन कर, तक्रार विचारू नकोस, फक्त चौकशी कर. त्याला संकोच वाटत होता, तरी त्याने दोन संध्याकाळी बसून केले.

पाच जण मुलांकडे पुण्या-मुंबईला राहायला गेले होते. तिघांच्या घरात वर्षभरात कोणीतरी गेलं होतं, सण नव्हता. चौघांनी मधुमेहामुळे मिठाई बंद केली होती. चार जणांनी फोन उचलला नाही. म्हणजे ज्यांना आम्ही 'गेलेले' मोजत होतो त्यांतल्या बाराजणांच्या मनात दुकानाबद्दल काहीच बिघडलेलं नव्हतं. एकाने मडगावजवळ घर बांधलं होतं, तिथलं दुकान जवळ पडतं.

अठरावा फोन एका काकूंना होता. त्या आधी इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "एकदा काजू खवट निघाले हो. पाव किलोच होते. सांगायचं म्हणून राहिलं, आणि मग यायचंही राहिलं."

मामाने विचारलं, "कुठल्या महिन्यात, आठवतं?"

"जुलैत. पाऊस धो धो होता."

फोन ठेवून मामा मागच्या खोलीत गेला. पावसाळ्यात सुटा माल पत्र्याच्या डब्यात राहतो आणि डब्याचं झाकण दिवसातून पन्नासदा उघडतं. त्याने मामेभावाला हाक मारली आणि दोघं डबे मोजायला बसले.